आकडा दुबळ्या बाजूने ठरवावा

बारबेल खांद्यावर घेऊन बैठक मारणाऱ्या माणसाला समोरून पाहिले, तर बहुधा सारे ठीक दिसते. त्यालाच पाठीमागून पाहावे. खाली जाताना कंबर सरळ असते. पण सर्वांत खालच्या टप्प्यावरून वर येऊ लागताच ती एका बाजूला, बोटभर का होईना, सरकते. ज्या बाजूला ती सरकते, त्या बाजूचा पाय अधिक भार उचलत असतो. बारबेलच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. वजन वर गेले, एक आवर्तन मोजले गेले, वहीत नोंद झाली. दुसरा पाय मात्र त्या नोंदीत आपल्या वाट्याहून अधिक श्रेय घेऊन जातो.

हे घरीही तपासता येते. वजन मोजण्याचे दोन सारखे काटे शेजारी शेजारी ठेवावेत, प्रत्येकावर एक पाय ठेवून उभे राहावे आणि सावकाश अर्धी बैठक मारावी. आकडे दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगावेत. स्वतः मान खाली घालून वाचू गेल्यास भार लगेच बदलतो. नंतर काट्यांची अदलाबदल करून तीच कृती पुन्हा करावी, म्हणजे दोष काट्याचा नाही ना, हे कळते. ७० किलो वजनाच्या माणसाच्या एका काट्यावर ३९ आणि दुसऱ्यावर ३१ असे आकडे दोन्ही वेळा दिसले, तर कंबर सरकण्याचे कारण सापडले असे समजण्यास हरकत नाही.

अशा वेळी बैठकांची संख्या किंवा बारबेलचे वजन वाढवून फरक मिटत नाही. दोन्ही पायांनी मिळून करायच्या कामात शरीर नेहमीच ज्याच्यावर विश्वास आहे त्या पायाकडे अधिक काम सोपवते. बलवान पायाला अधिक सराव मिळतो, दुबळ्याला कमी, आणि आठवड्यामागून आठवडे गेले तरी दोघांमधील अंतर जिथल्या तिथे राहते. यावरचा उपाय म्हणजे काही व्यायाम एका वेळी एकाच पायाने किंवा एकाच हाताने करणे. व्यायामशाळांत यांना युनिलॅटरल व्यायाम म्हणतात. आपण येथे त्यांना एकबाजू व्यायाम म्हणू. तालमीतला मल्ल मुद्गल फिरविताना हात बदलत असे, त्यामागचा हिशेब याहून फारसा वेगळा नसावा.

प्रत्येक फरक दोष नव्हे

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला माणूस मिळणे कठीण. उजव्या हाताने कामे करणाऱ्यांच्या उजव्या मुठीची पकड डाव्यापेक्षा साधारण १० टक्क्यांनी अधिक असते, हा हात तपासणाऱ्या चिकित्सकांचा जुना ठोकताळा आहे. डावखुऱ्यांत हा फरक बराच कमी आढळतो. कदाचित दारांच्या मुठींपासून कात्रीपर्यंत सारे जग उजव्यांसाठी बनविलेले असल्यामुळे त्यांच्या उजव्या हातालाही पुरेसे काम पडत असावे. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाडसुद्धा दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड झालेले असते. वेगवान गोलंदाजाचे दोन खांदे सारखे करण्याचा हट्ट धरला, तर गोलंदाजीला फायदा होईल असे म्हणता येणार नाही. मांडीचा घेर टेपने मोजून एखाद्या सेंटिमीटरचा फरक दिसला म्हणून धास्तावण्याचेही कारण नाही. टेप दोन बोटे वरखाली झाली तरी एवढा फरक पडतो.

प्रस्तुत लेखिकेच्या मते फरकाकडे लक्ष द्यावे ते तीन प्रसंगी: पूर्वी त्या बाजूला दुखापत झाली असेल किंवा प्लॅस्टर घातले गेले असेल, भार वाढला की व्यायामाची ढब बिघडत असेल, किंवा साध्या चाचणीत एक बाजू दुसरीच्या बरीच मागे पडत असेल. यांपैकी काहीच नसेल, तर आठवड्याचा आराखडा आहे तसाच चालू ठेवणे बरे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की ‘दुबळी’ म्हणताना आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे? एखादा पाय चार निरनिराळ्या कारणांनी मागे पडू शकतो. त्यात खरोखर ताकद कमी असेल, सांधा पुरेसा वाकत नसेल, तोल सांभाळता येत नसेल किंवा दुखत असल्यामुळे शरीर आपोआप हात आखडता घेत असेल. बाहेरून पाहणाऱ्याला चारही सारखेच दिसतात. उपाय मात्र चारही ठिकाणी वेगळा असतो, आणि वजन वाढविणे हा त्यांपैकी केवळ पहिल्यावरचा उपाय आहे. ही निवड कशी करायची, हे एका उदाहरणावरून पाहू. माणूस कल्पित आहे, आकडेही उदाहरणापुरते आहेत. पण असे गृहस्थ गोव्यातल्या कोणत्याही व्यायामशाळेत भेटतील.

डावा घोटा आणि दोन सेंटिमीटरची फळी

हे गृहस्थ म्हापशातील एका बँकेत नोकरीला आहेत, वय ३६. रविवारी सकाळी गावच्या मैदानावर फुटबॉल खेळतात. दोन वर्षांपूर्वी खेळतानाच डाव्या घोट्याला दुखापत होऊन सहा आठवडे प्लॅस्टर होते. आता दुखत नाही. पण बैठक मारताना कंबर उजवीकडे सरकते, असे त्यांच्या सोबत्याने त्यांना दाखवून दिले आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस ते व्यायाम करतात.

पहिली चाचणी खुर्चीची. सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीच्या, भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवर बसायचे, हात छातीशी बांधायचे, एक पाय किंचित उचलायचा आणि दुसऱ्यावर उठून पुन्हा सावकाश बसायचे. धपकन बसले, की ते आवर्तन मोजायचे नाही. त्यांना उजव्या पायावर १२ वेळा उठता आले, डाव्यावर ७ वेळा. दुसरी चाचणी पोटरीची: भिंतीला बोट टेकवून एका पायावर टाच उचलणे. उजवीकडे २४, डावीकडे १५. तिसऱ्या चाचणीत एका पायावर ३० सेकंद उभे राहायचे होते. ते दोन्ही बाजूंना जमले, म्हणजे तोलाचा प्रश्न मोठा नाही.

चौथी चाचणी घोट्याची, आणि या प्रकरणाची किल्ली तीच ठरली. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता, गुडघा पुढे नेत भिंतीला टेकवायचा. पाऊल हळूहळू मागे सरकवत न्यायचे आणि गुडघा जेमतेम टेकतो त्या जागी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजायचे. उजवीकडे ते ११ सेंटिमीटर भरले, डावीकडे ८. म्हणजे प्लॅस्टर निघाल्यानंतर डावा घोटा पूर्वीइतका वाकायला लागलाच नव्हता. घोटा वाकत नाही म्हणून गुडघा पावलाच्या पुढे जाऊ शकत नाही. गुडघा अडला, की शरीर तेवढा भार गुपचूप उजव्या पायाकडे ढकलते.

मग दोन दिवसांनी खुर्चीची चाचणी पुन्हा घेतली. मात्र या वेळी टाचेखाली दोन सेंटिमीटर जाडीची फळी ठेवली. टाच उंचावली, की घोट्याला तितके वाकावे लागत नाही. उजवा पाय फळीवरही १२ वरच राहिला. डावा ७ वरून ९ वर गेला. याचा अर्थ असा, की पाच आवर्तनांच्या फरकातली दोन आवर्तने ताठर घोट्याच्या खात्यावर होती आणि तीन ताकदीच्या. ही फळी कोणत्याही यंत्राहून स्वस्त आहे आणि तिच्याशिवाय या गृहस्थांनी केवळ मांडीवर वजन लादत महिने घालविले असते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. १२ आणि ९ हे आकडे पाहून डावा पाय चतुर्थांशाने दुबळा आहे, असे वाटते. तसे नसते. जे वजन जेमतेम १२ वेळा उचलता येते, ते साधारणपणे आपल्या कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आसपास असते. जे ९ वेळा उचलता येते, ते ७५ टक्क्यांच्या थोडे वर. म्हणजे ताकदीतला खरा फरक १० टक्क्यांच्या आतबाहेर आहे. आवर्तनांची मोजणी छोटा फरक मोठा करून दाखविते. तपासणीला हे सोयीचे असले, तरी घाबरून जाण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.

हातांची तपासणीही त्याच दिवशी झाली. बाकावर एक हात आणि गुडघा टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढायचे, याला वन-आर्म रो म्हणतात. साडेबारा किलोचे डंबेल उजव्या हाताने १४ वेळा ओढले गेले, डाव्याने ११ वेळा. दहा किलोचे डंबेल खांद्यावरून डोक्यावर नेणे उजव्याला ११ वेळा जमले, डाव्याला ८ वेळा. उजव्या हाताच्या माणसात हे अपेक्षितच आहे. मात्र डोक्यावर बारबेल उचलताना त्यांची दांडी डावीकडे कलते, म्हणून तेवढ्यापुरती दुरुस्ती करायची असे ठरले.

आठवडा मोडायचा नाही

अशा वेळी बहुतेकांच्या मनात येणारा पहिला विचार म्हणजे वेगळा ‘दुरुस्तीचा दिवस’ काढणे. तो टिकत नाही. तीन दिवस व्यायाम, रविवारी खेळ आणि बाकी नोकरी-संसार असलेल्या माणसाला चौथा दिवस दोन आठवडे निघतो, तिसऱ्या आठवड्यात बुडतो. त्यापेक्षा आहे त्या आठवड्यातले काही दोनबाजू व्यायाम काढून त्यांच्या जागी एकबाजू व्यायाम ठेवणे शहाणपणाचे.

या गृहस्थांच्या सोमवारी बारबेलच्या बैठका, बेंच प्रेस आणि बारबेल रो होते. बैठकांचे तीन सेट होते, ते दोन केले आणि वाचलेल्या वेळात मागचा पाय बाकावर ठेवून मारायच्या एकपायी बैठका आणल्या. व्यायामशाळेत यांना बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट म्हणतात. बारबेल रोच्या जागी वन-आर्म रो आला. बेंच प्रेसला हात लावला नाही. बुधवारचा डेडलिफ्ट आणि पुलडाउन तसेच राहिले. डोक्यावर बारबेल उचलण्याऐवजी एका हाताने डंबेल उचलणे आले. शुक्रवारी लेग प्रेस एकेका पायाने, पण दोनच सेट, कारण रविवारी खेळायचे आहे. पोटरीचा व्यायामही एकेका पायाने. शुक्रवारचे हलके बेंच प्रेस आणि बसून करायचा रो पूर्ववत. म्हणजे दहा व्यायामांपैकी चारांचे रूप बदलले, एक नवा आला, आणि आठवडा ओळखीचाच राहिला.

घोट्यासाठी मात्र तिन्ही दिवस आरंभीची पाच मिनिटे राखली. जी चाचणी होती, तिचाच व्यायाम केला: भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच जमिनीला चिकटवून, गुडघा सावकाश पुढे-मागे, १५ वेळा, दोनदा. हा व्यायाम घरी दात घासतानाही होतो.

आता एकबाजू व्यायामाचा मुख्य नियम. आरंभ नेहमी दुबळ्या बाजूने करावा, कारण त्या वेळी दम ताजा असतो. वजन दुबळ्या बाजूला झेपेल तेवढेच घ्यावे. आणि दुबळी बाजू जितक्या आवर्तनांवर थांबते, तितक्याच आवर्तनांवर बलवान बाजूनेही थांबावे, जरी तिला आणखी चार सहज जमत असली तरी. पहिल्या आठवड्यात या गृहस्थांनी दोन्ही हातांत आठ-आठ किलोची डंबेल घेतली. डाव्या पायावर पहिल्या सेटमध्ये ८ एकपायी बैठका झाल्या. मिनिटभर विश्रांती घेऊन उजव्यावर ८. पुढच्या सेटला डाव्यावर ७, म्हणून उजव्यावरही ७. तिसऱ्याला ६ आणि ६. शेवटी केवळ डाव्या पायाचा एक जादा सेट, ६ आवर्तनांचा. पोटरीतही तसेच: उजवीचे तीन सेट, डावीचे चार. हातांसाठी जादा सेट ठेवला नाही. तिथला फरक तेवढा नव्हता.

बलवान पायाला रोखून धरले तर तो कमजोर होईल, ही शंका रास्त आहे. पण कमावलेली ताकद टिकविण्यासाठी, ती कमावताना लागते त्यापेक्षा बरेच कमी काम पुरते. अट एवढीच, की कधीतरी भारी वजनाशी गाठ पडत राहावी. सोमवारचे दोन सेट आणि बुधवारचा डेडलिफ्ट याचसाठी राखले आहेत.

दुसरी शंका उलट दिशेची: जादा सेट एकच का, दुप्पट काम का नको? व्यायामशाळांत ‘दुबळ्याला डबल’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे. दुबळी बाजू बहुधा पूर्वी जायबंदी झालेली असते. स्नायू काही आठवड्यांत वाढीव कामाला सरावतो. त्याला हाडाशी जोडणारा कंडरा मात्र सावकाश सरावतो. एकदम दुप्पट कामाने पहिल्या पंधरवड्यात उत्साह वाटतो आणि चौथ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे सकाळचे दुखणे सुरू होते. शिवाय सतत थकलेला पाय चाचणीत दुबळाच दिसत राहतो, आणि माणूस त्यावर आणखी काम लादतो.

खोटे आवर्तन कसे ओळखावे

एकबाजू व्यायामात शरीर लबाडी करायला वाट शोधतेच. मागचा पाय बाकावर ठेवून बैठक मारताना तो मागचा पायच जोर लावू लागतो. बाक गुडघ्याहून उंच असेल तर हे हमखास घडते आणि कंबरही मागे वाकते. म्हणून बाक गुडघ्याच्या खालीच असावा. पुढचे पाऊल बाकापासून किती अंतरावर आहे, ते जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने आखून ठेवावे. ही रेघ नसली, की बलवान बाजूला पाऊल सोयीच्या जागी पडते, दुबळ्या बाजूला गैरसोयीच्या, आणि दोन पायांची तुलनाच निरर्थक ठरते.

पायरीवर चढण्याचा व्यायाम, म्हणजे स्टेप-अप, पुष्कळजण पसंत करतात. पण त्यात खालचा पाय जमिनीला रेटा देऊन निम्मे काम उरकून टाकतो. खालच्या पायाची बोटे वर उचलून धरली तर तो रेटा देता येत नाही. उतरताना तीन सेकंद लावावेत. घाईने खाली पडणे आणि उतरणे यांतला फरक पायरीवर पाऊल टेकल्याच्या आवाजावरूनही कळतो.

तोलाचा मुद्दा आणखी वेगळा. एकपायी बैठकेत माणूस डुगडुगू लागला आणि त्यामुळे सेट थांबला, तर मांडीला काम मिळालेलेच नसते. अशा वेळी एका हाताने खांब हलकेच धरावा आणि दुसऱ्या हातात डंबेल घ्यावे. खांब धरणे कमीपणाचे मानून डुगडुगत आवर्तने पुरी करणारे लोक तोलाचा सराव करतात, ताकदीचा नव्हे. तोलासाठी वेगळी दोन मिनिटे देता येतात.

गुडघा आत, अंगठ्याच्या दिशेने कोसळत असेल, किंवा धड दुबळ्या पायावर कलत असेल, तर तिथेच सेट संपला असे समजावे. हातांच्या बाबतीत डोक्यावर डंबेल नेताना कंबर विरुद्ध बाजूला झुकणे आणि रो करताना अख्खी पाठ फिरणे, ही खोट्या आवर्तनाची चिन्हे. भ्रमणध्वनी पाठीमागे स्टुलावर ठेवून महिन्यातून एकदा चित्रफीत घेतली, तर हे सारे पाहता येते. आरशात समोरची बाजू दिसते आणि दोष बहुधा पाठीमागे असतो.

बारा आठवड्यांचा हिशेब

वजन केव्हा वाढवायचे, याचाही निर्णय डाव्या पायावर सोपविला होता. तिन्ही सेटमध्ये डाव्या पायावर स्वच्छ ८ आवर्तने होईपर्यंत डंबेल आठ किलोचीच. ते तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस जमले. चौथ्या आठवड्यात दहा किलोची डंबेल आली आणि आकडे पुन्हा ७, ६, ६ वर उतरले. हे स्वाभाविक आहे. सातव्या आठवड्यात तिथेही ८, ८, ८ झाले.

खुर्चीची चाचणी दर चार आठवड्यांनी, तीच खुर्ची, तीच वेळ, व्यायामापूर्वी आणि फुटबॉलनंतर किमान दोन दिवसांनी घेतली. आरंभी फळीशिवाय १२ आणि ७ होते. चार आठवड्यांनी १२ आणि ९ झाले. आठ आठवड्यांनी १३ आणि ११. बारा आठवड्यांनी १४ आणि १३. घोट्याचे अंतर ८ सेंटिमीटरवरून १० वर आले. रोखून धरलेल्या उजव्या पायानेही दोन आवर्तने कमावली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पहिल्या महिन्यातली सुधारणा मुख्यतः मज्जासंस्थेची असते: मेंदू त्या स्नायूला नीट कामाला लावायला शिकतो. मांडीचा घेर तोवर बदलत नाही, आणि तो बदलला नाही म्हणून व्यायाम सोडणारेही पुष्कळ. स्नायूची वाढ टेपवर दिसायला साधारण दोन महिने आणि त्याहून अधिक काळ लागतो.

मज्जासंस्थेच्या या वाट्याचा एक जुना आणि विस्मयकारक पुरावा आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ मध्ये असे नोंदविले, की एका हाताला ताकदीचा सराव दिला असता, सराव न दिलेल्या हाताचीही ताकद काही प्रमाणात वाढते. पुढे अनेकांनी ते पुन्हा पडताळून पाहिले. वाढ सरावाच्या हातापेक्षा बरीच कमी असते, पण असते. हात किंवा पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्यांना याचा थेट उपयोग आहे. डॉक्टरांची हरकत नसेल, तर चांगल्या बाजूचा व्यायाम चालू ठेवल्यास बंद असलेल्या बाजूची झीज काहीशी रोखता येते. या गृहस्थांनी प्लॅस्टरच्या सहा आठवड्यांत व्यायाम पूर्णपणे बंद ठेवला होता. बहुतेक लोक तेच करतात.

जिथे डंबेल उपयोगाचे नाही

गुडघा सुजलेला असेल, तर मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्था स्वतःच आवर घालते. माणूस कितीही जोर लावो, स्नायू पुरा आवळला जात नाही. तिथे आधी सूज उतरायला हवी. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये तर मांडीतला फरक बराच काळ टिकू शकतो आणि त्यांचा कार्यक्रम फिजिओथेरपिस्टनेच आखावा. एका पायाची लांबी हाडातच कमी असेल किंवा पाठीचा कणा वळलेला असेल, तर काट्यांवरचा फरक व्यायामाने पूर्णपणे जाणार नाही.

दुबळेपणासोबत मुंग्या येत असतील, बधिरता असेल, चालताना पाऊल फरफटत असेल, किंवा दुखापत नसताना एका बाजूचा स्नायू डोळ्यांदेखत उतरत असेल, तर प्रश्न मज्जातंतूचा असू शकतो आणि तो डॉक्टरांनी पाहायला हवा. एक हात किंवा पाय अचानक निकामी झाल्यासारखा वाटला, जोडीला तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे कसलीही चाचणी करत न बसता तत्काळ १०८ क्रमांकाला फोन करावा.

बाराव्या आठवड्यानंतर या गृहस्थांच्या वहीत मोजके बदल झाले. सलग दोन चाचण्यांत फरक दोन आवर्तनांच्या आत राहिला, म्हणून डाव्या मांडीचा जादा सेट बंद केला. पोटरीचा मात्र चालू आहे, कारण तिथे अजून २५ आणि २० असा फरक दिसतो. सोमवारच्या बारबेलच्या बैठका पुन्हा तीन सेटवर आल्या आणि एकपायी बैठका दोन सेटपुरत्या उरल्या. शुक्रवारी लेग प्रेस पुन्हा दोन्ही पायांनी होऊ लागला. डोक्यावर बारबेल उचलताना दांडी आता सरळ राहते. पण एका हाताचा डंबेल प्रेस त्यांनी सोडलेला नाही, कारण तो त्यांना आवडू लागला आहे. पुढची चाचणी दोन महिन्यांनी आहे. खडूची रेघ व्यायामशाळेचा झाडूवाला रोज पुसतो, म्हणून तिथे आता काळी चिकटपट्टी लावली आहे.